एकाच मनात राहायचं की प्रसंग तोडायचा?

कथेतला प्रसंग लिहिताना एकाच पात्राच्या मनात राहायचं की मध्येच दुसऱ्याच्या मनात जायचं, हा प्रश्न येतो. समजा, हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू आहे. कथेच्या कच्च्या खर्ड्यातली दोन वाक्यं:

‘आज महादू गप्प का, हे शेवंतीला कळेना. होडी विकल्याचं आईला कसं सांगावं, या विचाराने महादूचा घसा कोरडा पडला.’

पहिलं वाक्य आईच्या मनातलं, दुसरं मुलाच्या. तिला न कळलेलं वाचकाला लगेच कळलं आणि ताण तिथेच संपला.

पहिला उपाय, शेवंतीच्याच मनात राहणं. मग महादूचा विचार तिला दिसेल अशा कृतीत उतरवावा लागतो: ‘महादूने दोनदा तोंड उघडलं, मग पाण्याची बाटलीच तोंडाला लावली. सुरमईची टोपली उचलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.’ तपासायला शेवंतीच्या जागी ‘मी’ घालून उतारा वाचा. जे वाक्य ती बोलू शकणार नाही, ते तिच्या मनातून बाहेर घसरलेलं. ‘माझा चेहरा पांढराफटक पडला’ हेसुद्धा त्यातच येतं, कारण तिला स्वतःचा चेहरा दिसत नाही. ही चूक फार सहज निसटते.

दुसरा उपाय, प्रसंग तोडून, एक ओळ रिकामी सोडून नवा भाग महादूच्या मनातून लिहिणं. तिथे पहिल्याच वाक्यात त्याचं नाव आणि त्याची जाणीव यायला हवी, नाहीतर वाचक आईच्याच मनात राहतो. मात्र चार ओळींसाठी असा तुकडा पाडला की वाचकाला धक्काच बसतो. होडी कुणाला विकली, पैसे कुठे गेले, एवढं सांगण्यासारखं त्याच्याकडे असेल तरच तो तुकडा पेलतो.

या प्रसंगाला मी पहिलाच उपाय निवडेन. गुपित महादूकडे असलं, तरी घाव शेवंतीला बसणार आहे.