ओटीपी आता कळमन्याला जातोय : पोर्टल परदेशातून वापरल्यानंतरचा अनुभव

प्रति,
आयटी मदत कक्ष

विषय : मोबाइल नंबर बदलल्यामुळे बंद झालेलं पोर्टल

सप्रेम नमस्कार,

मी आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी. सध्या जर्मनीत मास्टर्स करते आहे. इथे आल्यावर पहिले काही महिने आपलं पोर्टल मी मनापासून नावाजत होते. खिडकीवर रांग न लावता ट्रान्सस्क्रिप्टचा अर्ज करता आला, फी भरता आली, पावतीही लगेच निघाली. बाबांना नागपुरात मानेवाड्याहून एकही खेप घालावी लागली नाही. ते सगळं आजही खरं आहे.

अडलं ते नंबरावर. केवळ ओटीपीसाठी दर महिन्याला भारतातल्या सिमचा रिचार्ज करणं मला परवडत नव्हतं, म्हणून तो नंबर सोडला. प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाकायला गेले तर पोर्टल आधी जुन्याच नंबरवर ओटीपी पाठवतं. ज्याचा जुना नंबर गेला, त्याला नवा लावताच येत नाही. शिवाय नंबराच्या रकान्यात दहाच आकडे बसतात, देशाचा कोड टाकायला जागाच नाही.

तुमच्याकडे तक्रार केली की दर वेळी पासवर्ड रीसेट होतो आणि तिकिटावर Resolved असा शिक्का बसतो. पण माझा पासवर्ड कधीच चुकलेला नव्हता. पासवर्ड चुकला की पहिल्याच पानावर लाल अक्षरांत सूचना येते. माझं पहिलं पान बिनबोभाट पुढे सरकतं आणि दुसऱ्या पानावर OTP sent या ओळीखाली जुन्या नंबराचे शेवटचे आकडे दिसतात. तिथे अडलेल्याचा पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही, नोंदीतला नंबरच बदलावा लागतो. हा फरक तिकीट हाताळणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळायला हवा. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडलाच होता.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे कळली. बाबांनी बर्डीवरच्या मोबाइलच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला गेल्याचं समजलं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो, आणि त्यानंतर किमान ९० दिवस थांबून कंपनी तो नव्या ग्राहकाला देऊ शकते. बाबांनी फोन लावला, तर कळमन्याच्या अडतीवरचे एक काका बोलले, "हो जी, विद्यापीठाचे मेसेज येऊन राहिले माझ्याकडे. कोणाचे आहेत माहीत नाही, म्हणून पुसून टाकतो."

ते काका भले म्हणून ठीक. पण आपल्या पोर्टलवर 'पासवर्ड विसरलात' दाबलं की फक्त पीआरएन आणि ओटीपी लागतो. पीआरएन तर गुणपत्रिकेवर छापलेला असतो. म्हणजे आज माझ्या खात्यात मला शिरता येत नाही, आणि तो नंबर ज्याच्या हातात आहे त्याला शिरता येईल. माझा पत्ता, फोटो, गुण, सगळं तिथे आहे. मला झोप लागत नाही ती यामुळे.

आधीच्या पत्रांत मी परदेशी नंबरवर एसएमएस पाठवा असा हट्ट धरला होता. तो आता सोडते. आपल्याकडे असे संदेश दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नोंदवलेल्या हेडर-टेम्पलेटनेच, म्हणजे आधी नोंदवलेल्या नावाने आणि ठरलेल्या मजकुरानेच जातात. परदेशी नंबरसाठी मार्ग निराळा, दर निराळा. तो खर्च विद्यापीठाने करावा असं मलाही वाटत नाही. शिवाय नंबर पुन्हा बदलला की पुन्हा हेच.

त्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲपची सोय द्या. एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये आणि सर्व्हरवर साठते. दोन्हीकडे त्या किल्लीवरून आणि घड्याळातल्या वेळेवरून दर ३० सेकंदांनी तोच सहा आकडी कोड तयार होतो. सिम लागत नाही, रेंज लागत नाही, एसएमएसचा खर्च नाही. फोनचं घड्याळ मागेपुढे असलं तर कोड जुळत नाही आणि फोन हरवला तर किल्लीही जाते, एवढ्या दोन अडचणी आहेत. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाला आठ-दहा बॅकअप कोड छापून ठेवायला सांगा. एक कोड एकदाच चालतो.

आणि माझ्यासारख्या अडकलेल्यांसाठी, नंबर बदलायला व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट बघा, प्रवेशाच्या वेळच्या फोटोशी पडताळा. मग नोंदवलेल्या ईमेलवर 'नंबर बदलला जात आहे' अशी सूचना पाठवून दोन दिवस थांबा. कुणी तोतया असेल तर खऱ्या विद्यार्थ्याला तेवढ्यात हरकत घेता येईल.

कॉलसाठी भारतीय वेळेनुसार दुपारी दोननंतर मी कधीही मोकळी आहे. इथे तेव्हा सकाळ असते. बाकी सगळं सवडीने करा, पण माझ्या खात्यावरून तो जुना नंबर आजच काढा आणि ओटीपीने होणारं पासवर्ड रीसेट तोवर बंद ठेवा. त्यासाठी कॉलची वाट बघायची गरज नाही.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी