कार्यक्रमात अनोळखी लोकांची एकमेकांशी ओळख करून द्यायला काय बरं: ओळखीचा बिंगो की फिरती टेबलं?

बिंगोत 'पोहता येणारा माणूस शोधा' अशा चौकटींवर सह्या घ्यायच्या. हशा पिकतो, पण एकाच ऑफिसातले चौघं आपापसातच कागद भरून मोकळे होतात. शिवाय सही मिळाली की बोलणं संपलं!

मी फिरती टेबलं निवडेन. पंचवीस जण, पाच टेबलं, प्रत्येकाला टेबलावरचा १ ते ५ पैकी एक खुर्ची क्रमांक. दर आठ मिनिटांनी १ जागीच, २ एक टेबल पुढे, ३ दोन, ४ तीन, ५ चार. पाच फेऱ्यांत कुणीच दुसऱ्यांदा भेटत नाही. एकाच क्रमांकाचे तर कधीच नाहीत, म्हणून एकत्र आलेल्यांना दारातच तोच क्रमांक, पण वेगळं टेबल द्यायचं. टेबलं सहा केली, की तिसऱ्या फेरीत १ आणि ४ पुन्हा समोरासमोर.