कर्ज खतावणी एक्सेलमध्ये: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यातल्या एका विकास सोसायटीच्या सचिवांनी गेल्या एप्रिलपासून कर्ज खतावणी एक्सेलमध्ये घेतली. खरीप वाटप, द्राक्षाची वसुली आणि मार्चअखेर या तिन्ही वेळा ती वापरून झाली.

सुरुवात बहुतेक जण करतात तशीच झाली होती, म्हणजे खतावणीचं एक पान म्हणजे एक शीट. दिसायला छान, पण थकबाकीची यादी काढायची तर प्रत्येक शीट उघडावी लागते, म्हणजे वहीच बरी. खतावणीचं पान सभासदाचं असतं, टेबलची ओळ मात्र व्यवहाराची हवी. त्यामुळे सगळ्या सभासदांचे व्यवहार एकाच शीटवर, एकाखाली एक आणि सात रकान्यांत: तारीख, खाते क्रमांक, नाव, प्रकार, पावती क्रमांक, नावे, जमा. मागील बाकीसुद्धा 1 एप्रिलची एक साधी ओळ म्हणूनच लिहायची. मग आतल्या कुठल्याही घरात उभं राहून Ctrl + T दाबलं की टेबल तयार होतं. खाली नवी ओळ लिहिली की ती आपोआप टेबलात येते. नुसतं फिल्टर लावलेल्या यादीत मध्ये कोरी ओळ राहिली तर तिच्या खालचे व्यवहार फिल्टरमध्ये येतच नाहीत, तो त्रास इथे नाही.

वहीतला चालू बाकीचा रकाना मात्र घेऊ नये. क्रम बदलला की तो निरर्थक होतो. बाकी काढायला टेबलच्या वर दोन ओळी सोडून हे सूत्र ठेवलं आहे (टेबलचं नाव Karj, रकाने Nave आणि Jama):

```
=SUBTOTAL(109,Karj[Nave])-SUBTOTAL(109,Karj[Jama])
```

SUBTOTAL फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं, SUM लपलेल्याही मोजतं. सूत्र टेबलच्या शेजारी ठेवलं तर फिल्टर लावल्यावर त्याची ओळच लपू शकते, म्हणून ते वर.

उदाहरणार्थ खाते 117. मागील बाकी 60,000 नावे, जूनमध्ये वाटप 40,000 नावे, नोव्हेंबरमध्ये 30,000 ची पावती. त्या पावतीत 25,000 मुद्दल आणि 5,000 व्याज, म्हणून एकाच पावती क्रमांकाच्या दोन ओळी. नुसतं 117 फिल्टर केलं तर बाकी 70,000 दिसते आणि ती चूक आहे, कारण व्याजाची जमा आली पण त्याची नावे बाजू या टेबलात नाही. प्रकारात ‘मुद्दल’ निवडल्यावर खरी बाकी 75,000 येते. दोन फिल्टर एकदम लावायची सवय इथेच लागते. प्रकार हाताने टाइप करू देऊ नये. ‘मुद्दल’ आणि ‘मुददल’ एक्सेलला दोन वेगळे शब्द वाटतात. Data Validation मधून निवडयादी द्यावी. फिल्टरही नावावर नको, खाते क्रमांकावर लावावा. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन सभासद सहज निघतात.

सर्वात जास्त डोकेदुखी तारखांची. वहीच्या सवयीने 12.6 असं टिंब देऊन लिहिलं की एक्सेल त्याला तारीख मानत नाही. फिल्टरची यादी उघडली की कळतं: खऱ्या तारखा वर्ष आणि महिन्याच्या गटात बसतात, या मात्र खाली सुट्या पडलेल्या असतात. पूर्ण लिहिलेल्या टिंबाच्या तारखा असतील तर रकाना निवडून Text to Columns मध्ये शेवटच्या पायरीला DMY दिलं की सुधारतात. विंडोजचा प्रदेश English (India) नसून अमेरिकेचा असेल तर धोका मोठा, कारण 5/6 ही 5 जून न राहता 6 मे होते आणि काही खटकतही नाही.

दुसरं म्हणजे, फिल्टर चालू असताना बाहेरून पाच-सहा ओळी चिकटवू नयेत. त्या लपलेल्या ओळींवरही बसतात. आधी फिल्टर काढायचा, मग चिकटवायचं.

महिनाअखेरीला फक्त ‘मुद्दल’ हा एकच फिल्टर ठेवून येणारी बेरीज सामान्य खतावणीतल्या कर्ज येणेबाकीशी जुळवायची. फरक 9 ने भागला जात असेल तर आकडे उलटे पडल्याची शंका घ्यावी, जसं 54,000 चे 45,000. फरकाची निम्मी रक्कम कुठे सापडते तेही बघावं. एखादी जमा नावे बाजूला गेली की फरक दुप्पट होतो. “आधी हा फरक शोधायला रात्र जायची, आता रक्कम फिल्टर केली की ओळ समोर,” असं सचिव भाऊसाहेब म्हणतात, आणि ते खरं आहे.

उणीव एकच, पण मोठी. जुनी नोंद कुणीही बदलली तर टेबल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. वहीत खाडाखोड दिसते, इथे काहीच दिसत नाही. म्हणून सही-शिक्क्याची किर्द आणि खतावणी अजून चालूच आहे आणि ऑडिटसमोरही तीच जाते. दर महिन्याची फाइल मात्र वेगळ्या नावाने पेनड्राइव्हवर काढून ठेवली जाते.