ओएमआर तपासायला फोनवरचं अ‍ॅप घ्यावं की स्वतःची स्क्रिप्ट लिहावी?

सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लासमध्ये दर रविवारी नीटच्या धर्तीवर चाचणी होते. मुलं पेन्सिलने गोळे रंगवतात, आम्ही फोनवर फोटो काढतो आणि सोमवारी निकाल लावतो. हे काम मी आधी एका तयार अ‍ॅपवर केलं आणि आता पायथन व ओपनसीव्हीच्या स्क्रिप्टवर करतो. तुम्ही याच दोन्हींच्या मध्ये अडकला असाल, तर माझा अनुभव सांगतो.

वेगात अ‍ॅपचा हात कुणी धरणार नाही. फोन पत्रिकेवर धरला, चार कोपऱ्यांतले काळे चौकोन सापडले की गुण समोर. स्क्रिप्टचं तसं नाही. पत्रिकेवरचा प्रत्येक गोळा कुठे आहे ते आधी एकदा मोजून लिहून ठेवावं लागतं, आणि त्यात एक संध्याकाळ सहज जाते. वाकडा फोटो सरळ करणं मात्र सोपं आहे. चार चौकोन शोधायचे, त्यांच्या जागांवरून `cv2.getPerspectiveTransform` ने मॅट्रिक्स काढायचं आणि ते `cv2.warpPerspective` ला द्यायचं.

माझं मन फिरलं ते खोडलेल्या गोळ्यांमुळे. एका मुलीने ३७व्या प्रश्नाला आधी २ रंगवला होता, मग तो रबराने खोडून ३ केला. कागदावर बघितलं तर कुणालाही कळेल की उत्तर ३ आहे. अ‍ॅपने मात्र दोन उत्तरं धरली. नीटच्या नियमाने दोन गोळे म्हणजे उत्तर चूक, म्हणून उणे एक. ३ बरोबर होता, म्हणजे अधिक चार मिळायला हवे होते. एका खोडलेल्या गोळ्यावर पाच गुणांचा फरक, आणि ‘इथे मला शंका आहे’ असं अ‍ॅप कुठेही म्हणालं नाही. चुकीपेक्षा हा गप्प बसण्याचा प्रकार मला जास्त खटकला. मुलीने पेपर परत मागितला म्हणून कळलं तरी. सगळीच अ‍ॅप अशी असतील असं नाही. घेण्याआधी अर्धवट खोडलेली एक पत्रिका मुद्दाम दाखवून बघा.

तोच फोटो स्क्रिप्टला दिला. गोळ्याच्या आतल्या भागात काळे पिक्सेल किती, याचं प्रमाण ती काढते. छापील कडा मोजायची नाही, नाहीतर रिकामा गोळासुद्धा थोडा भरलेला दिसतो. ३७व्या प्रश्नाचे आकडे आले ०.०८, ०.४४, ०.८६, ०.०७. एकच सीमारेषा ०.४० वर ठेवली असती, तर स्क्रिप्टनेही दोन उत्तरंच दिली असती. म्हणून मी रेषा दोन ठेवल्या:

```python
def read(fill):
    if any(0.25 < f < 0.60 for f in fill):
        return "CHECK"
    dark = [i + 1 for i, f in enumerate(fill) if f >= 0.60]
    return dark
```

०.२५ पर्यंत रिकामा, ०.६० आणि वर भरलेला, मधला असेल तर स्क्रिप्ट निर्णय देत नाही. त्या ओळीचा तुकडा कापून एका फोल्डरमध्ये टाकते. चाचणी संपली की फोल्डर उघडायचा, तुकडे बघायचे आणि उत्तर हाताने टाकायचं. हे आकडे माझ्या कागदावरचे आणि माझ्या फोनवरचे आहेत. तुमच्या दहा-वीस पत्रिकांचे आकडे एकदा छापून बघा. रिकाम्यांचा एक गठ्ठा आणि भरलेल्यांचा एक गठ्ठा वेगळा दिसतो, रेषा त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ओढायच्या.

स्क्रिप्टमध्येही एक खोच आहे. ट्यूबलाइटखाली फोनची सावली पत्रिकेच्या खालच्या भागावर पडते, म्हणून काळं की पांढरं हे आजूबाजूच्या भागाशी ताडून ठरवणारं `cv2.adaptiveThreshold` मी वापरतो. त्याची खिडकी, म्हणजे `blockSize`, गोळ्यापेक्षा लहान ठेवली तर पूर्ण रंगवलेल्या गोळ्याचा मधला भाग पांढरा होतो, कारण आजूबाजूला सगळंच काळं असल्यावर त्याला वेगळेपण दिसत नाही. मग व्यवस्थित भरलेले गोळेही शंकेच्या यादीत येतात. यादी अचानक लांबली आणि सगळे गोळे काळ्या कड्यांसारखे दिसले, तर कारण हेच समजा. खिडकी गोळ्याच्या दोन-तीन पट ठेवली की प्रश्न सुटतो.

आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे; तुमच्या चाचणीत तसे प्रश्न असतील तर स्क्रिप्टचं पारडं आणखी जड होतं. वरची स्क्रिप्ट भरलेल्या गोळ्यांची यादीच देते, त्यामुळे ती उत्तरसूचीशी तशीच ताडून बघता येते.

पंचवीस-तीस मुलं असतील आणि निकालावर कुणाची फी-सवलत किंवा बॅच अवलंबून नसेल, तर अ‍ॅप घ्या, खुशाल घ्या. कोड बघितला की डोकं दुखत असेल तरीही अ‍ॅपच बरं. मात्र त्यात शंकास्पद खुणांची वेगळी यादी मिळते का, एवढं विचारून घ्या.

स्क्रिप्टकडे वळलात तर हजेरी क्रमांकाच्या गोळ्यांना वेगळा नियम लावा. तिथे प्रत्येक स्तंभात नेमका एकच गोळा भरलेला हवा. शून्य किंवा दोन दिसले तर अख्खी पत्रिका बाजूला काढायची, कारण एक अंक चुकला तर एकाचा पेपर दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि त्या पेपरातले बाकीचे गोळे कितीही स्वच्छ असले तरी ते उघडकीला येत नाही.