बुशिंगचा टॅन डेल्टा: ५० हर्ट्झचं एक रीडिंग, फ्रीक्वेन्सी स्वीप की ऑनलाइन मॉनिटर?

एका ट्रान्सफॉर्मरवर २४५ केव्हीची तीन ऑइल-इम्प्रेग्नेटेड पेपर, म्हणजे ओआयपी, बुशिंग आहेत, वय साधारण पंधरा वर्षं. शटडाऊनमध्ये १० केव्हीवर टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमधल्या लॉसचं माप, घेतला. आर फेज ०.३५ टक्के, वाय ०.३४, बी ०.५२. टेस्ट रिपोर्टच्या कोपऱ्यात मर्यादा छापलेली आहे, ०.७ टक्के. तिन्ही रीडिंग त्याखाली, म्हणून शेरा पडतो 'समाधानकारक' आणि ट्रान्सफॉर्मर चार्ज होतो.

पहिली चूक इथेच झाली. आयईसी ६०१३७ मधली ०.७ टक्के ही मर्यादा नवं बुशिंग कारखान्यातून पास करण्यासाठी आहे. नवं चांगलं ओआयपी बुशिंग मुळातच ०.२ ते ०.४ टक्क्यांत असतं. पंधरा वर्षं चाललेल्या बुशिंगची तुलना त्याच्या स्वतःच्या नेमप्लेटशी आणि शेजारच्या भावंडांशी करायची असते. बीची नेमप्लेट ०.३३ सांगते. म्हणजे त्याचा लॉस दीडपटीहून जास्त झाला, तर शेजारचे दोघे जवळपास जागेवरच आहेत. तिन्ही एकाच बनावटीची, एकाच वयाची, एकाच दिवशी तपासलेली, त्यामुळे हा फरक तापमानावर ढकलता येत नाही.

प्रश्न असा, की या बीचं दुखणं लवकर आणि खात्रीने कळावं यासाठी पैसे कशावर घालायचे? नेहमीची ५० हर्ट्झची चाचणी जास्त वेळा करावी, फ्रीक्वेन्सी स्वीप करणारं किट घ्यावं, की टॅपला ऑनलाइन मॉनिटर जोडावा? माझं मत आधीच सांगून टाकतो: ओआयपी बुशिंगसाठी पहिला रुपया स्वीपवर. का, ते पुढे.

नेहमीची चाचणी काय पाहते

बुशिंगच्या आत मधल्या कंडक्टरभोवती कागद आणि फॉईलचे थर आलटून-पालटून गुंडाळलेले असतात. शेवटच्या फॉईलपैकी एक टेस्ट टॅपवर बाहेर काढलेली असते. कंडक्टर ते टॅप हा सी-वन, टॅप ते फ्लँज हा सी-टू. कागदाचा मुख्य भाग सी-वनमध्ये येतो, म्हणून वयाची खूण आधी तिथे शोधायची. १० केव्ही लाइन टर्मिनलला द्यायचं, मापणारी लीड टॅपला लावायची आणि किट यूएसटी मोडमध्ये ठेवायचं, म्हणजे टाकीकडे जाणारा करंट हिशेबात येत नाही. त्या बाजूच्या वाइंडिंगची सगळी टर्मिनल्स एकत्र शॉर्ट करायला विसरू नका. नाहीतर वाइंडिंगचा इंडक्टन्स मध्ये येतो आणि रीडिंग भरकटतं.

४०० पिकोफॅरडच्या बुशिंगमधून १० केव्हीवर सुमारे १.२६ मिलिअँपिअर करंट वाहतो. टॅन डेल्टा ०.३ टक्के असेल तर त्यातला लॉसचा भाग जेमतेम ३.८ मायक्रोअँपिअर. इतक्या बारीक करंटला बिघडवायला ओलसर पोर्सेलिन पुरेसं आहे. आणि ओल असली की रीडिंग नेहमी वाढतंच असं नाही. पृष्ठभागावरचा करंट आतल्या थरांशी मिळून असं जाळं तयार करतो की टॅन डेल्टा खरा असतो त्यापेक्षा कमी, कधी चक्क उणे दिसतो. उणे रीडिंग आलं तर बुशिंगचं कौतुक न करता आधी पोर्सेलिन पुसून कोरडं करावं, टॅपचा संपर्क आणि अर्थिंग पाहावं आणि पुन्हा मोजावं.

या चाचणीची खरी मर्यादा मात्र फ्रीक्वेन्सीत आहे. कागदात शिरलेला ओलावा वाहकता वाढवतो, आणि वाहकतेमुळे होणारा लॉस फ्रीक्वेन्सी कमी होईल तसा मोठा होत जातो. ५० हर्ट्झवर तो इतर लॉसमध्ये बराच काळ लपून राहतो. म्हणून ५० हर्ट्झचा आकडा खोटा नसतो, पण उशिरा बोलतो.

स्वीपमध्ये काय उघड होतं

तीच लीड, तोच टॅप, फक्त किट ५० ऐवजी शेकडो हर्ट्झपासून १ हर्ट्झपर्यंत उतरत जातं. आपल्या तीन बुशिंगचं चित्र उदाहरणादाखल असं निघतं. मापताना बुशिंगचं तापमान ३२ अंश, टॅन डेल्टा टक्क्यांत:

| फेज | नेमप्लेट | ५० हर्ट्झ | १ हर्ट्झ | कपॅसिटन्समधली वाढ |
|---|---|---|---|---|
| आर | ०.३२ | ०.३५ | ०.६१ | ०.३ टक्के |
| वाय | ०.३१ | ०.३४ | ०.५८ | ०.२ टक्के |
| बी | ०.३३ | ०.५२ | २.१ | ०.८ टक्के |

५० हर्ट्झवर बी भावंडांच्या दीडपट होता. १ हर्ट्झवर साडेतीन पट झाला. पहिल्या आकड्यावर 'हवेत दमटपणा होता', 'किट जुनं आहे' अशा चर्चा होऊ शकतात. दुसऱ्यावर होत नाहीत. वक्राचा आकारही बोलतो. आर आणि वायची रेघ खालच्या टोकाला हलकी वर वळते, बीची रेघ खूप आधीपासूनच चढायला लागते. कपॅसिटन्स जवळपास हललेला नाही, म्हणजे फॉईलचे थर एकमेकांना शॉर्ट झालेले नाहीत. सगळं मिळून बोट ओलाव्याकडे किंवा कागद-तेलाच्या ऱ्हासाकडे जातं, आणि एकाच बुशिंगमध्ये हे होत असेल तर माथ्यावरचं गॅस्केट किंवा टॅपचं सील आधी पाहावं.

स्वीपचा आणखी एक फायदा कमी लोक वापरतात. ५० हर्ट्झचं रीडिंग २० अंशांवर आणायला आपण बनावटीनुसार दिलेले गुणक वापरतो. ते गुणक निरोगी बुशिंगचे असतात. निरोगी ओआयपीचा टॅन डेल्टा तापमानाबरोबर फारसा हलत नाही, बिघडलेल्याचा झपाट्याने वाढतो. म्हणजे सुधारणेची सर्वात जास्त गरज जिथे आहे, तिथेच छापील गुणक फसतो. तापमान वाढलं की वक्र फ्रीक्वेन्सीच्या अक्षावर सरकतो, या गुणधर्मामुळे स्वीपमधून त्याच बुशिंगची स्वतःची तापमान-सुधारणा काढता येते. स्वीप नसेल तर एक गावठी उपाय आहे: शटडाऊन मिळताच, ट्रान्सफॉर्मर गरम असतानाच एकदा मोजा आणि थंड झाल्यावर पुन्हा. दोन रीडिंगमध्ये मोठी दरी पडली तर ते बुशिंग संशयित.

त्रासही आहेत. १ हर्ट्झवर करंट पन्नास पट कमी होतो, आणि बरीच किटं स्वीप जेमतेम २०० व्होल्टवर करतात. त्या वेळी पूर्ण करंट अर्धा मायक्रोअँपिअर उरतो, लॉसचा भाग नॅनोअँपिअरमध्ये. शेजारची लाइन चालू असेल तर यार्डातला इंडक्शन रीडिंग नाचवतो. म्हणून किट घेताना जास्त व्होल्टेजवर स्वीप होतो का, हे आधी विचारावं. रंगीत स्क्रीनपेक्षा ते महत्त्वाचं. वेळेची धास्ती मात्र नको. १ मिलिहर्ट्झपर्यंत गेलात तर एकच सायकल सतरा मिनिटांची होते, पण बुशिंगच्या निर्णयाला १ हर्ट्झपर्यंतचा भाग पुरतो आणि तो काही मिनिटांत आटोपतो.

ऑनलाइन मॉनिटर: वेगळ्या रोगाचा डॉक्टर

ऑनलाइनवाल्यांची जाहिरात टॅन डेल्टाची असते, पण त्यांची खरी ताकद कपॅसिटन्समध्ये आहे. आकडे मांडले की हे लगेच दिसतं.

२४५ केव्ही लाइनवर फेजचं व्होल्टेज सुमारे १४१ केव्ही, त्यामुळे टॅपमधून सुमारे १७.८ मिलिअँपिअर वाहतो. समजा आत थरांच्या तीस फटी आहेत आणि त्यातली एक शॉर्ट झाली. उरल्या एकोणतीस, म्हणजे कपॅसिटन्स आणि करंट ३.४ टक्क्यांनी वाढले: ०.६ मिलिअँपिअर. आता त्याऐवजी टॅन डेल्टा ०.३ वरून ०.६ टक्के झाला असं धरा. करंटमध्ये भर पडते ०.०५ मिलिअँपिअर, तीही काटकोनात. तीन फेजच्या व्होल्टेजमध्ये एक टक्का असमतोल असला, आणि तो असतोच, तर त्याचाच करंट ०.१८ मिलिअँपिअर होतो. तिन्ही टॅपच्या करंटची बेरीज पाहणाऱ्या मॉनिटरला शॉर्ट झालेला थर ठळक दिसतो, दुप्पट झालेला लॉस असमतोलात बुडून जातो. शिवाय तिन्ही बुशिंग एकसारखी म्हातारी होत असतील तर बेरीज जागेवरच राहते.

संदर्भासाठी पोटेन्शिअल ट्रान्सफॉर्मर वापरला तर? ०.५ क्लासच्या पीटीला कोनात २० मिनिटांपर्यंत चूक करायची मुभा आहे. ती रेडियनमध्ये ०.५८ टक्के होते, म्हणजे जे मोजायचंय त्याच्याहून जास्त. चूक स्थिर राहिली तर कल कळतो, पण बर्डन बदललं की कलही बदलतो.

मग मॉनिटर घ्यायचाच नाही का? घ्यायचा, जिथे बुशिंग अचानक फुटलं तर परवडणारच नाही तिथे. ओलावा वर्षानुवर्षं मुरतो, वार्षिक चाचणी त्याला गाठू शकते. थर एकामागोमाग शॉर्ट होणं कधी काही दिवसांत, कधी तासांत आटोपतं, आणि त्याला दोन शटडाऊनच्या मधे पकडणारं दुसरं काही नाही. १० केव्हीची चाचणी तर प्रत्यक्ष ताणाच्या सात टक्क्यांवर होते, त्यामुळे पूर्ण व्होल्टेजलाच उमटणारा दोष ती पाहूच शकत नाही. पण मॉनिटर लावणं म्हणजे कायमचा अर्थ असलेला टॅप उघडून त्यात अडॅप्टर बसवणं. तो संपर्क सुटला तर टॅप तरंगत राहतो, त्यावर व्होल्टेज चढतं आणि निरोगी बुशिंग टॅपपाशीच जळतं. अडॅप्टरमध्ये आतून संरक्षण नसेल तर मी तो फुकटही लावणार नाही.

बीचं काय करायचं

वरच्या तक्त्यावर मी बी लगेच उतरवायला सांगणार नाही. नवं बुशिंग मागवायचं, आणि ते येईपर्यंत तीन महिन्यांनी स्वीप पुन्हा घ्यायचा, शक्यतो तशाच तापमानाला. १ हर्ट्झचा आकडा स्पष्ट चढलेला दिसला, किंवा कपॅसिटन्स नेमप्लेटच्या तीन टक्के वर गेला, तर पुढच्या नियोजित शटडाऊनची वाट पाहायची नाही. तेलाचा नमुना काढायचा मोह होतो, पण बुशिंगमध्ये तेल मोजकंच असतं आणि उघडलेलं सील पुन्हा नीट बसेलच असं नाही. बनावटीच्या पुस्तिकेत परवानगी आणि रीत दिली असेल तरच हात घालावा.

आणि चाचणी संपल्यावर टॅपची टोपी. ती परत बसवून टॅप खरंच अर्थ झाला आहे का, हे बनावटीत सोय असेल तर मीटरने पाहायचं, आणि तिन्ही टोप्यांवर सही कोणी केली ते रजिस्टरमध्ये लिहायचं. एकच माणूस टोपी काढतो आणि तोच बसवतो, हा नियम मी कधी मोडू देत नाही.