रेंज आहे, पण पावती नाही: पिग्मी संकलनाच्या ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान पतसंस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. आमचे चौदा पिग्मी प्रतिनिधी गेले आठ महिने दैनंदिन संकलनासाठी हे ॲप वापरत आहेत. ॲपचे आणि ते बनवणाऱ्या कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण जो दोष सांगायचा आहे तो याच प्रकारच्या अनेक ॲपमध्ये असतो. खातेदार शोधणे, रक्कम टाकणे आणि ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढणे ही रोजची कामे चांगल्या नेटवर सहज होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नेट अगदी हळू असताना ॲप काय करते याबद्दल.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या एका प्रतिनिधींनी चहाच्या टपरीवर दोनशे रुपयांचा भरणा घेतला आणि नोंदीचे बटण दाबले. पडद्यावर गोल फिरू लागले आणि फिरतच राहिले. फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसत होत्या, त्यामुळे त्यांनी तीन-चार मिनिटे वाट पाहिली. गिऱ्हाइके खोळंबली, टपरीवाले मामा पावतीसाठी हात पुढे करून उभे, तेव्हा त्यांनी ॲप बंद करून पुन्हा उघडले आणि तीच नोंद नव्याने केली. या वेळी पावती निघाली. संध्याकाळी जुळणी करताना त्यांच्याकडची रोकड नोंदीपेक्षा दोनशे रुपयांनी कमी भरली, कारण सर्व्हरवर त्या खात्यात दोन भरणे जमा झाले होते. अशी तफावत त्या आठवड्यात तीनदा निघाली, आणि प्रत्येक वेळी पहिला संशय प्रतिनिधींवर गेला, हे मला सर्वांत जास्त खटकले.

कंपनीच्या मदत-केंद्राने पहिल्यांदा सांगितले की, नेट नसताना ॲप नोंद फोनमध्ये जपून ठेवते आणि नेट आल्यावर पाठवते, हे त्यांनी तपासलेले आहे. ते खोटे नव्हते. मी विमान मोड चालू करून नोंद केली, तर ॲपने दोन सेकंदांत ‘नोंद प्रलंबित’ असे दाखवले. अडचण अशी की, या ॲपच्या लेखी नेटच्या दोनच अवस्था आहेत, असणे आणि नसणे. फोनने ‘आहे’ म्हटले की ॲप विनंती पाठवते आणि उत्तराची वाट पाहत बसते. बाजाराच्या दिवशी टॉवरवर गर्दी होते, किंवा रोजचा डेटा संपल्यावर प्लॅननुसार वेग 64 केबीपीएसवर येतो, तेव्हा नेट ‘आहे’ पण उपयोगाचे नाही, अशी तिसरी अवस्था असते, आणि आमच्या प्रतिनिधींचा निम्मा दिवस तिच्यातच जातो.

ही तिसरी अवस्था टेबलावर आणण्यासाठी मी एक लिनक्स लॅपटॉप केबलने इंटरनेटला जोडला, त्यावर वायफाय हॉटस्पॉट सुरू केला आणि फोन त्याला जोडला. फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवणे आवश्यक आहे, कारण वायफायवर काही येत नाही असे दिसले की अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि चाचणी निरर्थक होते. (ब्राउझरमध्ये वेग कमी करण्याची जी सोय असते ती फक्त त्या ब्राउझरपुरती चालते, फोनमधल्या ॲपला तिचा स्पर्शही होत नाही.) त्यानंतर फोनकडे येणाऱ्या माहितीचा वेग 64 केबीपीएसवर आणणारी आणि तिला 600 मिलिसेकंदांचा उशीर लावणारी ही आज्ञा लॅपटॉपवर दिली:

```
sudo tc qdisc add dev wlan0 root netem rate 64kbit delay 600ms
```

या स्थितीत नोंदीला वेळ लागला, पण ती झाली. मग एक नोंद यशस्वी होताच, जोडणी उघडी असतानाच, पुढची नोंद करण्यापूर्वी ही दुसरी आज्ञा दिली:

```
sudo tc qdisc change dev wlan0 root netem loss 100%
```

येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते साऱ्या चाचणीचे मर्म त्यातच आहे. ही आज्ञा लॅपटॉपकडून फोनकडे जाणारीच पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टाकून देते. फोनकडून बाहेर जाणाऱ्या पाकिटांना ती हात लावत नाही. म्हणजे भरण्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, तेथे नोंद होते, फक्त ‘झाले’ हे उत्तर फोनला कधीच मिळत नाही. टपरीवर नेमके हेच घडले असणार. मी पडद्यासमोर घड्याळ लावून बसलो. दहाव्या मिनिटाला गोल फिरतच होते. सोळाव्या मिनिटाच्या सुमारास ‘त्रुटी आली’ एवढेच दोन शब्द दिसले, आणि दरम्यान शाखेच्या संगणकावर तो भरणा केव्हाच जमा झालेला होता.

सोळा मिनिटे हा आकडा ॲपने ठरवलेला नाही. ॲपने काहीच ठरवले नव्हते, म्हणून निर्णय खालच्या थरावर गेला. पाठवलेल्या माहितीची पोच येत नसेल तर लिनक्सवर, आणि म्हणून अँड्रॉइडवरही, टीसीपी, म्हणजे माहिती पोहोचल्याची खात्री करणारी व्यवस्था, ती माहिती वाढत्या अंतराने पुन्हा पाठवत राहते आणि मूळ सेटिंगप्रमाणे पंधरा प्रयत्नांनंतर, म्हणजे किमान 924 सेकंदांनी, जोडणी मोडल्याचे जाहीर करते. याहून वाईट प्रकारही आहे. विनंतीची पोच आली आणि त्यानंतर वाट तुटली, तर फोनकडे पुन्हा पाठवण्यासारखे काही उरत नाही, तो निव्वळ ऐकत बसतो, आणि मग त्या ऐकण्याला शेवटच नसतो. मी पोच आल्यावर पाकिटे तोडून पाहिली, तेव्हा एका तासानंतरही गोल फिरत होते. शेवटी मीच कंटाळून फोन बाजूला ठेवला.

हे सारे लिहून पाठवल्यावर कंपनीतल्या एका प्रोग्रामरने मोकळेपणाने कारण सांगितले. सर्व्हरशी बोलण्यासाठी ॲपमध्ये वापरलेल्या ओकेएचटीटीपी या तयार कोडच्या लायब्ररीत उत्तर वाचण्याची वेळमर्यादा मुळात दहा सेकंदांची असते. दिवसअखेरचा मोठा अहवाल उतरवताना ती आड येत होती, कारण सर्व्हर अहवाल तयार करायलाच अर्धा मिनिट घेत असे. म्हणून कोणीतरी ही ओळ टाकली होती:

```
.readTimeout(0, TimeUnit.SECONDS)
```

येथे शून्याचा अर्थ ‘लगेच थांब’ असा नसून ‘मर्यादाच नाही’ असा होतो. आणि हा बदल केवळ अहवालापुरता न करता सगळ्या विनंत्यांसाठीच्या समाईक भागात झाला होता, त्यामुळे दोनशे रुपयांच्या भरण्यालाही तोच नियम लागला.

चौथ्या महिन्यात सुधारित आवृत्ती आली, आणि खरे सांगायचे तर तिने दुखणे वाढवले. आता संपूर्ण व्यवहाराला, म्हणजे जोडणीपासून उत्तराच्या शेवटच्या बाइटपर्यंत, दहा सेकंदांची मर्यादा होती आणि ती ओलांडली की ॲप आपोआप पुन्हा प्रयत्न करत असे. किती वेळा, याला मर्यादा नव्हती. त्यातच प्रत्येक भरण्याच्या उत्तरासोबत सर्व्हर त्या प्रतिनिधीची सगळी खातेयादी नव्याने पाठवत असे, जी आमच्याकडे सुमारे 190 किलोबाइट भरते. 64 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. यादीला कमीत कमी चोवीस सेकंद हवेत आणि मुभा दहा सेकंदांची! जेमतेम 70 किलोबाइट उतरले की दोरी कापली जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. मी चार मिनिटे हे चालू दिले. सर्व्हरच्या नोंदवहीत चोवीस प्रयत्न दिसले, फोनचा पावणेदोन एमबी डेटा गेला, एकही पावती निघाली नाही, आणि चाचणीच्या खात्यात चोवीस भरणे जमा झाले. आधी माणसाने दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर दुबार नोंद होत असे. आता ते काम यंत्र स्वतःच, न थकता करत होते. ती आवृत्ती आम्ही दोन दिवसांत काढून टाकली आणि प्रतिनिधींना आठवडाभर कार्बन लावलेल्या पावती पुस्तकावर काम करायला सांगितले.

सहाव्या महिन्यात आलेली आवृत्ती मात्र विचारपूर्वक केलेली आहे. जोडणीसाठी दहा सेकंद, उत्तराच्या दोन तुकड्यांमध्ये जास्तीत जास्त वीस सेकंद आणि एकूण एक मिनिट अशा तीन वेगळ्या मर्यादा आहेत. त्यामुळे हळू पण वाहत असलेले नेट तोडले जात नाही, आणि थबकलेले नेट तोडले जाते. अहवालाची मर्यादा वेगळी आहे. प्रयत्न तीनच होतात, त्यांतले अंतर दरवेळी दुप्पट होते, आणि त्यानंतर नोंद प्रलंबित यादीत जाऊन पडदा मोकळा होतो. खातेयादी आता भरण्याच्या उत्तरासोबत येत नाही.

पण खरी दुरुस्ती वेगळीच आहे. बटण दाबताक्षणी फोन त्या भरण्याला एक क्रमांक देतो आणि प्रत्येक पुनःप्रयत्नात तोच क्रमांक जातो; सर्व्हरला तो आधी दिसलेला असेल तर नवी नोंद न करता तो जुनीच पावती परत पाठवतो. पैशाच्या व्यवहारात हे नसेल तर वेळमर्यादा घालणेही धोक्याचेच, कारण वेळ संपली याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही, एवढेच कळते की काय झाले ते फोनला ठाऊक नाही. तीच शंभर टक्के पाकीटगळतीची चाचणी मी या आवृत्तीवर केली. दीड मिनिटात नोंद प्रलंबित यादीत गेली, गळती काढताच पावती आली आणि खात्यात भरणा एकच होता. गेल्या दोन महिन्यांत त्या कारणाने जुळणी चुकलेली नाही.

तरीही पाचपैकी मी तीनच तारे देतो, त्याचे कारण मला मागच्याच आठवड्यात सापडले. तो क्रमांक तीन प्रयत्न संपून नोंद प्रलंबित यादीत जाईपर्यंत फक्त ॲपच्या चालू स्मृतीत राहतो. त्या दीड मिनिटात कोणी सवयीने ॲप वर सरकवून बंद केले, तर नोंद आणि क्रमांक दोन्ही पुसले जातात. प्रतिनिधी पुन्हा नोंद करतो, तिला नवा क्रमांक मिळतो आणि पहिली विनंती सर्व्हरवर पोहोचलेली असेल तर दुबार भरणा पुन्हा होतो. मी हे पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा झाले. क्रमांक पाठवण्याआधीच फोनच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवावा, असे कंपनीला कळवले आहे. तोवर प्रत्येक प्रतिनिधीच्या प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवली आहे: गोल फिरत असताना ॲप बंद करू नये, दोन मिनिटे थांबावे आणि प्रलंबित यादी पाहावी.