चहाचं दुकान: फ्रँचायझी घ्यायची की स्वतःच्या नावाचा बोर्ड लावायचा?

फ्रँचायझीची चौकशी करणारा आधी फी विचारतो. फी एकदाच जाते. कंपनीकडूनच घ्यावी लागणारी चहा-मसाल्याची पावडर मात्र रोज लागते, आणि तिचा भाव फारसं कुणी विचारत नाही.

एक हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे, तुम्ही तुमचे घाला. रोज 500 कप, कप 12 रुपयांना. दूध, साखर, पावडर, गॅस धरून कपाला 6 रुपये खर्च, म्हणजे हातात 6 उरतात. फी 3 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 3 लाख 54 हजार. करार 3 वर्षांचा असेल तर महिन्याला साधारण 9,800. कंपनीची पावडर बाजारापेक्षा कपामागे 50 पैशांनी जरी महाग पडली, तरी महिन्याचे 7,500 आणखी. झाले 17,300. महाग पावडरीमुळे कपामागे आता साडेपाचच उरतात, म्हणून हे भरून काढायला रोज जवळपास 105 कप जास्त विकले गेले पाहिजेत, तेही केवळ बोर्डाच्या जोरावर.

ते विकले जातील का, हे जागा ठरवते. स्वारगेट किंवा पुणे स्टेशनजवळ गिऱ्हाईक अनोळखी असतं, बस-गाडीच्या घाईत असतं. ओळखीचा बोर्ड दिसला की थांबतं. तिथे मी फ्रँचायझी घेईन. सोसायटीच्या गल्लीत किंवा पेठेत तीच माणसं रोज येतात. पंधरा दिवसांनी ती बोर्ड बघत नाहीत, चहा बघतात. तिथे हे पैसे वाया. सही करण्याआधी त्याच ब्रँडच्या, तशाच जागेवरच्या दुकानासमोर सकाळी 7 ते 10 आणि दुपारी 4 ते 7 उभं राहून कप मोजा. एक दिवस मधल्या वारी, एक दिवस रविवारी.

करारात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. जागेचा लिव्ह अँड लायसन्स बहुधा 11 महिन्यांचा, फ्रँचायझीचा मात्र 3 ते 5 वर्षांचा. मालकाने जागा सोडायला लावली तर दुसऱ्या जागी दुकान हलवता येईल का, की पुन्हा फी, हे लेखी घ्या. आणि करार संपल्यावर त्याच जागी स्वतःचा चहा विकायला बंदी आहे का, तेही बघा.

स्वतःच्या दुकानाचा धोका वेगळा: कारागीर गेला की चव गेली. म्हणून वेलची-सुंठेचं मिश्रण घरी करायचं आणि 5 लिटर दुधाला एक, अशा वजन केलेल्या पुड्या बांधून द्यायच्या. नाव ठेवताना नुसतं ‘अमृततुल्य’ नको. पुण्यात तो शब्द सगळ्यांचाच, त्यावर हक्क सांगता येणार नाही. पुढे दुसरी शाखा काढायचा विचार असेल, तर वेगळं नाव ठेवून ट्रेडमार्कच्या 43व्या वर्गात अर्ज करा. बोर्ड रंगवायच्या आधी.